गेलेला मेसेज काय सांगतो

नव्या फोनमध्ये पेमेंट ॲप टाकलं, भाषा निवडली, मोबाइल नंबर दिला आणि पडद्यावरचं चक्र फिरून फिरून शेवटी ‘सिमची पडताळणी होऊ शकली नाही’ असं उमटलं, की बहुतेक माणसं ओटीपीची वाट पाहू लागतात. ओटीपी आला नाही म्हणजे नेटवर्क नाही, असा निष्कर्ष निघतो आणि फोन हातात धरून माणूस अंगणात जातो. पवनी तालुक्यातल्या आसगावसारख्या चौरास पट्ट्यातल्या गावात ऑनलाइन कामं करून देणाऱ्याकडे जी गाऱ्हाणी येतात, त्यांतलं हे नेहमीचं. धानाचे पैसे खात्यात पडायला लागले की ते वाढतं. त्यात मुळातली गफलत दिशेची आहे. या टप्प्यावर फोनमध्ये काही यायचंच नसतं, फोनमधून काहीतरी जायचं असतं. ॲप तुमच्या सिमवरून एका अनोळखी क्रमांकावर स्वतःच एक एसएमएस पाठवतं. तो पोहोचला की मेसेज कुठल्या नंबरवरून आला हे पलीकडच्या यंत्रणेला मोबाइल कंपनीकडून कळतं आणि तो नंबर त्या फोनशी जोडला जातो. तुम्ही नंबर टाइप केलात याला तिथे किंमत नाही. कुठल्या सिमवरून मेसेज निघाला, याला आहे.

माझं म्हणणं इतकंच, की दोष शोधायची जागा ॲप नाही, मेसेजची यादी आहे. पडताळणी फसल्यावर फोनमधलं मेसेजचं नेहमीचं ॲप उघडायचं आणि शेवटच्या दोन मिनिटांत काय बाहेर गेलं ते पाहायचं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ॲपने पाठवलेला एसएमएसही तिथे नोंदला जातो: दहा आकडी अनोळखी क्रमांक, आणि खाली अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ, जिचा वाचून काही अर्थ लागत नाही. यादीत असा मेसेजच नाही, मेसेज आहे पण शेजारी लाल खूण आणि ‘पाठवला गेला नाही’, किंवा मेसेज व्यवस्थित गेलेला आहे तरी ॲप नाही म्हणतं, अशा तीन अवस्था संभवतात. या तिन्ही अवस्थांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. मेसेजची परवानगी, मूळ सिम आणि बँकेत नोंदवलेला नंबर या तीन गोष्टी तपासा, असं सगळेच सांगतात. पण कुठली आधी हे कोणी सांगत नाही. तो क्रम ही यादी ठरवून देते.

मेसेज यादीत नसेलच तर ॲपला मेसेज पाठवता आलेला नाही आणि संशय परवानगीवर जातो. ॲप पहिल्यांदा उघडताना ‘एसएमएस पाठवू आणि पाहू द्यायचे का’ असं फोन विचारतो, आणि सावध माणूस साहजिकच ‘नको’ दाबतो. अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये, म्हणजे ११ पासून पुढे, एकाच परवानगीला दोनदा नकार दिला की फोन तो कायमचा नकार समजतो. त्यानंतर ॲप कितीही वेळा उघडलं तरी ती चौकट पुन्हा येत नाही. माणसाला वाटतं ॲपने काही विचारलंच नाही, आणि ते त्या वेळेपुरतं खरंही असतं. मग सेटिंग्ज, ॲप्स, त्या ॲपचं नाव, परवानग्या या वाटेने जाऊन एसएमएस आणि फोन या दोन्ही परवानग्या हाताने द्याव्या लागतात. फोनची परवानगी कशाला, असा प्रश्न पडतो. तिच्याविना ॲपला फोनमध्ये कुठली सिम आहेत हे दिसत नाही. आणखी एक प्रकार आहे, तो जास्त फसवा. ॲप काही महिने उघडलंच नाही तर फोन त्याच्या परवानग्या आपणहून काढून घेतो. रोवणीच्या दिवसांत ॲपला हात न लावलेला माणूस दिवाळीनंतर ते उघडतो तेव्हा ‘आधी तर चालत होतं’ असं म्हणतो. त्याचं म्हणणं खोटं नसतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: पैशाच्या ॲपला आपले मेसेज वाचू द्यायचे तरी का? बँकेचे ओटीपी मेसेजमध्येच येतात, आणि ‘एसएमएसची परवानगी कोणालाही देऊ नका’ हा सल्लाही आपणच गावभर देत असतो. अडचण अशी, की अँड्रॉइडमध्ये पाठवण्याची आणि पाहण्याची परवानगी माणसासमोर एकत्रच येते. पाठव पण पाहू नकोस, अशी निवड त्या चौकटीत नसते. म्हणून मधला मार्ग काढावा लागतो. ॲप प्ले स्टोअरवरूनच घेतलेलं असावं, कोणी पाठवलेल्या लिंकवरून किंवा फाइलवरून नाही. परवानगी नोंदणीच्या वेळी द्यावी आणि नोंदणी झाल्यावर हवी तर काढून घ्यावी. व्यवहार एसएमएसवर चालत नसल्यामुळे बहुतेक ॲपांचं त्यानंतर फारसं अडत नाही. पुन्हा पडताळणी करायची वेळ आली की परत द्यायची. आयफोनमध्ये हा प्रश्नच वेगळ्या रूपात येतो. तिथे ॲप गुपचूप मेसेज पाठवू शकत नाही. तयार मजकुराची चौकट उघडते आणि पाठवण्याचं बटण माणसाला दाबावं लागतं. तिथे चूक होते ती मजकुरात काहीतरी बदलण्याची किंवा दुसऱ्या सिमची ओळ निवडण्याची.

मग ओटीपीच का पाठवत नाहीत, हा त्याच्या पाठोपाठचा प्रश्न. ओटीपी फोनवर सांगता येतो, आणि सांगितलाही जातो. जिल्ह्याबाहेर बसलेला माणूस गोड बोलून तो काढून घेतो. बाहेर जाणारा मेसेज मात्र त्याच सिमवरून निघावा लागतो. चोराकडे नंबर असून उपयोग नाही, त्याला सिम हवं. म्हणूनच २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून नंबर आणि फोन यांची गाठ अशी उलट दिशेने बांधली जाते. चोरांनीही यावर वाट काढली आहे: त्यांच्या फोनवर तयार झालेला तो अगम्य मजकूर ते तुम्हाला पाठवतात आणि ‘एवढा या नंबरवर पाठवून द्या’ म्हणतात, किंवा तेच काम गुपचूप करणारं ॲप तुमच्या फोनमध्ये टाकायला लावतात. तुम्ही तो मजकूर तुमच्या सिमवरून पाठवलात की तुमचा नंबर त्यांच्या फोनशी बांधला जातो. तेव्हा ॲपने स्वतः पाठवलेला मेसेज ठीक; दुसऱ्याने दिलेला तसा मजकूर हाताने पाठवायचा नाही, मग समोरचा कितीही ओळखीचा वाटो.

दुसरी अवस्था लाल खुणेची. मेसेज तयार झाला, परवानगी होती, पण तो फोनबाहेर पडला नाही. यात लोक सिग्नलच्या दांड्या मोजत बसतात, आणि पवनीच्या जंगलाकडच्या भागात सिग्नल खरंच जातो-येतो. पण सिग्नल आहे आणि तरी लाल खूण, असं असेल तर पहिली शंका रिचार्जवर घ्यावी. दोन सिमच्या फोनमध्ये बँकेचा जुना नंबर बहुधा दुसऱ्या खाचेत पडून असतो. इंटरनेट पहिल्या सिमवर चालतं, दुसऱ्यावर फक्त फोन येतात. पॅकची मुदत संपल्यावरही काही काळ येणारे फोन आणि मेसेज चालू राहतात, जाणारे बंद होतात. बँकेचे मेसेज येताहेत म्हणजे सिम चालू आहे, असा समज त्यातूनच होतो. नुसत्या डेटाच्या पॅकमध्ये तर एसएमएस नसतातच. ज्यांच्या पॅकमध्ये दिवसाला शंभर एसएमएस आहेत, तेही फसतात कधी कधी, कारण ते शंभर पहिल्या सिमवर असतात. आणखी एक कारण लक्षात ठेवण्याजोगं आहे. सिम हरवल्यावर किंवा खराब झाल्यावर त्याच नंबरचं नवं सिम घेतलं, तर सुरक्षिततेसाठी त्यावरचे एसएमएस साधारण चोवीस तास बंद ठेवले जातात. सकाळी पवनीहून नवं सिम आणून दुपारी ॲप सुरू करू पाहणाऱ्याला कोणी कितीही मदत केली तरी उपयोग नाही. त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगणं हेच प्रामाणिक उत्तर.

तिसरी अवस्था सगळ्यात जास्त गोंधळाची, कारण दिसायला सगळं नीट झालेलं असतं. मेसेज गेलेला आहे, लाल खूण नाही, ॲप तरीही नाही म्हणतं. इथे त्या मेसेजवर बोट दाबून धरायचं आणि तपशील उघडायचा, किंवा त्याच्या शेजारचा बारीक १ किंवा २ पाहायचा. तो मेसेज कुठल्या सिमवरून गेला ते तिथे कळतं. चांगली ॲपं ‘कुठलं सिम वापरायचं’ असं विचारतात आणि त्याच सिमवरून पाठवतात. पण सगळे फोन ते इमानाने पाळत नाहीत, काहींमध्ये मेसेजसाठी जे मूळ सिम ठरवलेलं असतं त्यावरूनच तो निघतो. मग ॲपमध्ये नंबर दुसऱ्या सिमचा आणि मेसेज पहिल्या सिमवरून, अशी विसंगती होते आणि पलीकडची यंत्रणा ती नाकारते. तिने ती नाकारलीच पाहिजे. सेटिंग्जमध्ये सिम कार्डच्या पानावर कॉल, मेसेज आणि डेटा यांसाठी मूळ सिम वेगवेगळं ठरवता येतं. तिथे मेसेजसमोर ‘प्रत्येक वेळी विचारा’ असं असेल, तर माणूस मेसेज लिहिताना ते सोयीचं असतं; पण ॲप मागच्या मागे मेसेज पाठवतं तेव्हा विचारायला समोर कोणी नसतं. नोंदणीपुरतं तिथे बँकेच्या नंबरचं सिम निवडावं. डेटा मात्र ज्या सिमवर चालतो त्यावरच राहू द्यावा. एसएमएस एका सिमवरून आणि इंटरनेट दुसऱ्यावरून, यात या पडताळणीला सहसा काही अडचण नसते. कुठल्या खाचेत कुठला नंबर आहे हे पुष्कळांना ठामपणे माहीत नसतं. त्यासाठी त्या सिमवरून शेजारच्या फोनला एक मिस्ड कॉल दिला की पुरतं.

यावर अनुभवी मंडळी म्हणतात, एवढी चौकशी कशाला? दुसरं सिम काढून टाका, ॲप उडवून परत टाका, फोन बंद करून चालू करा. दहातल्या पाचांचं काम होतं. होतं, हे मीही नाकारत नाही. का होतं ते पाहिलं की त्याची मर्यादाही कळते. दुसरं सिम काढलं की मूळ सिमचा घोळ आपोआप मिटतो, कारण सिम एकच उरतं. ॲप परत टाकलं की परवानगीची चौकट नव्याने येते आणि या खेपेला माणूस ‘हो’ म्हणतो. म्हणजे हा तोडगा तीनपैकी दोन तपासण्या नकळत करूनच घेतो. पण संपलेला रिचार्ज आणि बँकेतला चुकीचा नंबर यांना तो स्पर्शही करत नाही, आणि तिथेच माणूस तेच तेच पुन्हा करत राहतो. दर प्रयत्नाला ॲप नवा मजकूर तयार करतं. आधीचा मेसेज उशिरा पोहोचला तर तो बाद झालेला असतो. ओळीने बरेच प्रयत्न फसले की ॲपं काही तासांसाठी किंवा दिवसभरासाठी दार बंद करतात. म्हणून एकदा फसल्यावर पुन्हा बटण दाबण्याआधी यादी पाहावी, एवढाच आग्रह आहे. योग्य सिमवरून मेसेज गेला आहे, पॅक चालू आहे आणि तरीही होत नाही, त्यात त्याच वेळी गावातल्या आणखी कोणाचंही होत नाही, असं दिसलं तर दोष पलीकडचा आहे, तासाभराने पाहावं.

आता नोंदवलेल्या नंबराकडे येऊ. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो फोनमध्ये सुटत नाही. सिमची पडताळणी आणि खात्याचा शोध या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, जरी पडद्यावर त्या एकामागोमाग येतात. पहिली पार पडली की ॲप बँकेला विचारतं, या नंबरवर कुठलं खातं आहे? बँक आपल्या नोंदीत बघते आणि नंबर नसेल तर ‘खातं सापडलं नाही’ असं उत्तर येतं. माणूस घरी सांगतो, ‘सिमचं होत नाही’. म्हणून मदत करणाऱ्याने पडद्यावरचं वाक्य स्वतः वाचावं, ऐकीव सांगण्यावर जाऊ नये.

बँकेतल्या नंबरच्या चुका इतक्या का आहेत, याचं कारण मला खात्यांच्या इतिहासात दिसतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधन योजना आली आणि घरोघरी खाती उघडली गेली. तेव्हा पुष्कळ बायांकडे स्वतःचा मोबाइल नव्हता. अर्जात नंबरची जागा रिकामी राहिली किंवा तिथे मुलाचा, दिराचा, नाहीतर फॉर्म भरणाऱ्याचाच नंबर पडला. पुढे खातं चाललं, आणि चांगलं चाललं. शासनाच्या योजनांचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपयेही तसेच आले. ते यायला मोबाइल नंबर बरोबर असावा लागत नाही. काढायला बँक मित्राकडे अंगठा ठेवला की झालं. तिथेही नंबर कोणी विचारत नाही. म्हणजे दहा-दहा वर्षं त्या नंबरची परीक्षाच झाली नाही. ती पहिल्यांदा होते पेमेंट ॲप टाकताना, आणि माणसाला वाटतं, दोष ॲपचा आहे. ‘पैसे तर येतात, मग नंबर लिंक कसा नाही?’ हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक वेळी ऐकू येतो. पैसे येणं हा आधार जोडल्याचा पुरावा आहे, नंबर जोडल्याचा नाही.

आधारच्या नंबरवरूनही असाच घोळ होतो. पीएम किसानच्या केवायसीला ओटीपी आला, म्हणून बँकेतही तोच नंबर असणार, असं धरलं जातं. तो ओटीपी आधारमध्ये नोंदलेल्या नंबरवर आलेला असतो. बँकेची नोंद वेगळी वही आहे. खात्री करायचा साधा उपाय म्हणजे बँकेचा शिल्लक कळवणारा मिस्ड कॉल क्रमांक. त्याच सिमवरून कॉल द्यायचा. शिल्लक सांगणारा मेसेज आला तर नंबर नोंदलेला आहे, नोंदलेला नसल्याचं कळवणारा आला किंवा काहीच आलं नाही तर शंका पक्की. तो क्रमांक पासबुकावरून किंवा शाखेतल्या फलकावरून घ्यावा, इंटरनेटवर शोधून नाही. तिथे बँकेच्या नावाखाली भलत्यांचे क्रमांक असतात.

एक नमुना सरळ चालवून पाहू. फोन दोन सिमचा, पहिल्यावर महिन्याचा पॅक, दुसऱ्यावर जुना नंबर, जो बाईंना ‘बँकेचा’ म्हणून आठवतो. ॲपमध्ये दुसरं सिम निवडलं, पडताळणी फसली. यादी उघडली: मेसेज गेलेला, शेजारी १. म्हणजे तो पहिल्या सिमवरून निघाला. मेसेजचं मूळ सिम २ केलं. पुन्हा प्रयत्न केला, या वेळी शेजारी २, पण लाल खूण. म्हणजे परवानगी ठीक, सिम ठीक, पॅक नाही. एसएमएस असलेला छोटा पॅक मारला. तिसऱ्या प्रयत्नात पडताळणी झाली, आणि पुढच्या पानावर ‘खातं सापडलं नाही’. मिस्ड कॉलला शिल्लक आली नाही. इथे फोनवरचं काम संपलं, पुढचं शाखेत आहे. सिम काढ-घाल करणाऱ्याने इथवर पोहोचायला अर्धा दिवस घालवला असता आणि शेवटी ॲपलाच नावं ठेवली असती. दर पायरीला एकच गोष्ट बदलली, म्हणून कशाने काय सुटलं ते कळत गेलं.

कधी नंबर बरोबर असतो, पण एकट्याचा नसतो. घरात एकच फोन असताना सासू, सून आणि मुलगा अशा तिघांच्या खात्यांवर तोच नंबर दिला जातो. काही बँका असं दिसलं की नोंदणीच अडवतात. काहींच्या बाबतीत ॲपमध्ये घरातल्या भलत्याच माणसाचं खातं समोर येतं, जे अडवण्यापेक्षा वाईट. आणि कधी नंबर बरोबर होता, आता राहिला नाही. सलग ९० दिवस वापर नसला की मोबाइल कंपनी नंबर बंद करू शकते आणि ठरावीक मुदतीनंतर तो दुसऱ्या ग्राहकाला देते. बँकेत मात्र तो जुन्याच मालकाच्या नावावर राहतो. असे बंद झालेले नंबर यूपीआयच्या नोंदीतून दर आठवड्याला काढावेत, असं एनपीसीआयने बँकांना आणि ॲपांना सांगितलं, ते २०२५ च्या एप्रिलपासून लागू आहे. त्यामुळे रिचार्ज विसरलेल्या माणसाचं चालू ॲप एके दिवशी बंद पडू शकतं. त्याला ते अन्यायाचं वाटतं. पण तोच नंबर उद्या नागपुरातल्या कोणाच्या फोनमध्ये असेल, याचा विचार केला तर हा जाच परवडला.

शाखेत नंबर बदलायला खातेदाराला स्वतः जावं लागतं; अर्ज, पासबुक, आधार, सही किंवा अंगठा. काही बँकांत एटीएमवरूनही होतं, पण त्यासाठी कार्ड हवं, आणि बऱ्याच जणांचं कार्ड लिफाफ्यातून कधी बाहेरच आलेलं नसतं किंवा त्याची मुदत संपलेली असते. नंबर नोंदला गेल्याचा मेसेज आल्यावरच ॲप पुन्हा उघडावं, त्याआधी नाही. मग सिमची पडताळणी होते, खातं दिसतं, आणि यूपीआय पिन ठरवायची वेळ येते. तिथे डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष लागतं, किंवा कार्डाऐवजी आधारच्या ओटीपीचा पर्याय घेता येतो. हा दुसरा पर्याय चालायला बँकेतला आणि आधारमधला नंबर एकच असावा लागतो. म्हणून शाखेत अर्ज भरताना नंबर कुठला द्यायचा हे आधी ठरवावं: आधारला असलेला नंबर चालू असेल तर तोच. तो बंद असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन चालू नंबर नोंदवावा आणि मग तोच बँकेत द्यावा. नाहीतर सिमचं सगळं निभावल्यावर गाडी पिनपाशी अडते आणि शाखेची दुसरी खेप पडते.